पॉडकास्ट कॅरोसेल
पॉडकास्टच्या एका भागातली पाहुण्यांची निवडक वाक्ये, त्यांचा संदर्भ आणि शेवटी तो भाग ऐकण्याचे आवाहन, अशी बोटाने सरकवत पाहायची चित्रमालिका. इन्स्टाग्रामने एका पोस्टमध्ये 10 चित्रे टाकण्याची सोय 2017 मध्ये दिली आणि 2024 मध्ये ही मर्यादा 20 वर नेली. पॉडकास्टसाठी मात्र सहा-सात स्लाइड पुरतात.

वाक्य निवडणे हेच यातले खरे संपादन. भागाच्या लेखी प्रतीत वाक्य हेरून त्याची वेळ टिपतात आणि मग मूळ ध्वनिमुद्रण मागचेपुढचे मिनिटभर तरी ऐकतात. हे ऐकणे टाळले की घोटाळा होतो. समजा, भूजलावरच्या एका भागात पाहुणे म्हणाले, ‘‘आमच्याकडं बोअर मारणं म्हणजे जुगारच.’’ आणि श्वास घेऊन पुढे म्हणाले, ‘‘खडक न बघता मारली तर.’’ पहिलेच वाक्य स्लाइडवर गेले, तर भूजलाचा अभ्यासक बोअरच्या विरोधात बोलल्यासारखे दिसेल. त्यामुळे दोन्ही वाक्ये एकाच स्लाइडवर हवीत. ‘म्हणजे’, ‘असं’ यांसारखे अडखळते शब्द गाळले तरी चालतात; पण दहा मिनिटांच्या अंतराने आलेली दोन वाक्ये एका अवतरणात जोडणे ही पाहुण्यांशी केलेली अप्रामाणिक वागणूक आहे. बोलीतले ‘आमच्याकडं’ही ‘आमच्याकडे’ करू नये.

संदर्भाची स्लाइड अवतरणाला लागूनच येते आणि ती निवेदकाच्या भाषेत असते. वरच्या उदाहरणात ती एवढेच सांगेल: दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. अवतरण आणि संदर्भ यांचा रंग किंवा अक्षरवळण वेगळे ठेवावे, नाहीतर निवेदकाचे वाक्य पाहुण्यांच्या नावावर खपते.

पहिली स्लाइड न सरकवता पुढे गेलेल्यांना इन्स्टाग्राम तीच पोस्ट कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवते. म्हणून पाहुण्यांचे नाव आणि विषय दुसऱ्या स्लाइडवरही लागतो. देवनागरीत ओळींमधले अंतर कमी पडले की वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. हे मोबाइलच्या पडद्यावरच तपासावे.

शेवटच्या स्लाइडवर नुसते ‘नक्की ऐका’ लिहून भागत नाही. ‘बोअरची जागा कशी ठरवायची, हे 34व्या मिनिटापासून ऐका’ असे लिहिले, की पुढे काय मिळणार ते कळते. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा उघडत नाही; तो प्रोफाइलवर किंवा स्टोरीत द्यावा लागतो. ऐकण्याच्या ॲपमध्ये जाहिराती नंतर घातल्या जात असतील, तर मिनिटे पुढे सरकतात. तिथे वेळेऐवजी प्रकरणाचे नाव द्यावे.

पोस्ट पुष्कळांनी जतन केली, पण दुव्यावर फारसे कोणी गेले नाही, तर बहुधा सगळे उत्तर स्लाइडवरच सांगून झालेले असते. अशा वेळी प्रश्न आणि त्याची अडचण स्लाइडवर ठेवून उलगडा भागासाठी राखतात.