पाचवी लाट खुंटते तेव्हा

राल्फ नेल्सन एलियट पेशाने हिशेबनीस होते. उमेदीची वर्षं मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या रेल्वे कंपन्यांच्या वह्या तपासण्यात गेली. आजारपणाने घरी बसवलं, तेव्हा साठीच्या आसपास असलेल्या या माणसाने अमेरिकेच्या शेअर निर्देशांकांचे चार्ट समोर घेतले. अगदी वर्षाच्या चार्टपासून अर्ध्या तासाच्या चार्टपर्यंत. त्यातून १९३८ मध्ये ‘द वेव्ह प्रिन्सिपल’ हे छोटं पुस्तक निघालं. कल लाटांनी पुढे सरकतो आणि पाच लाटा झाल्या की त्याचं काम संपतं, असं त्याचं सूत्र. चौथी लाट पहिलीच्या हद्दीत शिरू नये, हा त्यातला एक कडक नियम.

पण चार्ट नियमांना जुमानत नव्हते. काही ठिकाणी चौथी लाट बिनदिक्कत पहिलीत घुसत होती, तर काही ठिकाणी पाचवी तिसरीचं शिखरही गाठत नव्हती. एलियटनी हे अपवाद पानाबाहेर टाकले नाहीत, त्यांची स्वतंत्र खाती उघडली. पहिला प्रकार म्हणजे डायगोनल त्रिकोण. दुसऱ्याला ते ‘फेल्युअर’ म्हणत. पुढे फ्रॉस्ट आणि प्रेक्टर या अभ्यासकांनी त्याचं ‘ट्रंकेशन’ केलं. आपण खुंटलेली पाचवी म्हणू. माझ्या मते या पद्धतीचं खरं ज्ञान या दोन अपवादांत आहे. शिखराची उंची काही असो, पाच लाटांची मोजणी पुरी झाली की खातं बंद होतं, हे इथेच उघड दिसतं.

कलाच्या शेवटी येणारा डायगोनल आकड्यांत पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. मोठ्या तेजीची पाचवी लाट १००० वर सुरू झाली. तिची पहिली उपलाट ११०० ला गेली, दुसरी १०४० ला उतरली, तिसरी ११२० ला चढली आणि चौथी १०७० वर आली. म्हणजे चौथी पहिलीच्या हद्दीत शिरली. चढ शंभराचा होता, तो ऐंशीवर आला. उतार साठाचा होता, तो पन्नासाचा झाला. शिखरं जोडणारी रेघ आणि तळ जोडणारी रेघ एकमेकींकडे झुकू लागतात, पाचर तयार होते. वर जाणाऱ्या उपलाटांच्या पोटातही एरवी दिसणाऱ्या पाचांऐवजी तीनच तुकडे सापडतात. नवा उच्चांक होतो, पण दर वेळी कमी दमाचा.

या नमुन्यात पाचवी उपलाट तिसरीहून, म्हणजे ऐंशीहून, लांब जाता कामा नये. १०७० मध्ये ८० मिळवले की ११५०. निर्देशांक त्यापुढे गेला तर आपली मोजणी चुकली, शॉर्टचा स्टॉपलॉस तिथेच. मात्र वरची रेघ क्षणभर ओलांडून भाव परत पाचरीत येणं हे नेहमीचंच. ब्रेकआउट समजून खरेदी करणारे इथेच अडकतात. खालची रेघ तुटली की घसरण वेगाने होते आणि बहुधा पाचर जिथून सुरू झाली त्या १००० पर्यंत पोचते.

हे दोन्ही प्रकार डाऊ जोन्सच्या एकाच मंदीच्या दोन टोकांना सापडतात. २१ सप्टेंबर १९७६ ला निर्देशांक १०१४.७९ वर बंद झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घसरून तो पुन्हा चढला आणि ३१ डिसेंबरला १००४.६५ वर थांबला. वर्तमानपत्रांना वर्षअखेरची तेजी दिसली असेल, पण फ्रॉस्ट-प्रेक्टर यांच्या मोजणीत ही खुंटलेली पाचवी होती. पुढचे चौदा महिने घसरण चालली, ती २८ फेब्रुवारी १९७८ ला ७४२.१२ वर थांबली. त्याच मोजणीप्रमाणे या उतरंडीचा शेवटचा टप्पा डायगोनल होता, अर्थात उलटा: दर नवा तळ आधीच्यापेक्षा कमी ताकदीचा. एप्रिलच्या मध्यापर्यंत निर्देशांक ८०० च्या वर होता आणि न्यूयॉर्कच्या बाजारात उलाढालीचे विक्रम मोडत होते.

खुंटलेली पाचवी आधी ओळखणं मात्र कठीण. अपुरी पाचवी आणि दुरुस्तीतली ‘ब’ लाट लांबून सारख्याच दिसतात, दोन्ही जुन्या शिखराखाली थांबतात. म्हणून बारीक चार्ट उघडून तिच्या पोटात पाच उपलाटा आहेत का ते मोजावं लागतं. तीनच निघाल्या तर पाचवी अजून यायची आहे आणि घाईने शॉर्ट केलेला माणूस पुढच्या तेजीत सापडेल. आधीची तिसरी लाट फार जोरकस झाली असेल तर शंका बळकट होते, पण शिक्कामोर्तब कलाची रेघ तुटल्यावरच. तोवर भाव बराच गेलेला असतो.

डायगोनलचं दुखणं वेगळं. हीच पाचर कलाच्या आरंभी, पहिल्या लाटेतही येऊ शकते, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. तिथे ती दमलेला कल सांगत नाही, उलट नव्याची सुरुवात सांगते. पाचर एकटी पाहून काही ठरत नाही; तिच्या आधी चार मोठ्या लाटा झाल्यात की नाहीत, हे मागे जाऊन मोजावंच लागतं, आणि तिथे दोन जाणकारांचे आकडे क्वचितच जुळतात.