अलैंगिकता आणि विवाहाचा आग्रह

अलैंगिकता म्हणजे इतरांविषयी लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा अत्यल्प वाटणे. ब्रह्मचर्याप्रमाणे हा स्वेच्छेने घेतलेला निर्णय नसतो. स्थळे पाहताना कुटुंबीय नकाराचा अर्थ बहुधा लाजाळूपणा, प्रेमप्रकरण किंवा आजार असा लावतात. केवळ ‘लग्न नको’ म्हटल्यास नवी स्थळे येतच राहतात. म्हणून लैंगिक आकर्षण नाही हे आणि सोबत हवी की नको हे, असे दोन मुद्दे वेगळे सांगणे उपयुक्त ठरते. डीएसएम-५ (२०१३) नुसार स्वतःला अलैंगिक मानणाऱ्या व्यक्तीस कामेच्छेच्या अभावाच्या विकाराचे निदान लागू होत नाही.

ही बाब लपवून केलेला विवाह जोडीदारावरही अन्याय करतो. समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शारीरिक अक्षमता वा सबळ कारणाविना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणे मानसिक क्रूरता ठरू शकते, असे म्हटले.