डब्यावरचें क्रिएटिन आणि डब्यांतलें क्रिएटिन

इ. स. १८४७ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग यांनीं मांसरसाविषयींचें आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांत एका कोल्ह्याची हकीकत आहे. शिकारीत धांवधांवून मारल्या गेलेल्या कोल्ह्याच्या मांसांत एक विशिष्ट पदार्थ, पिंजऱ्यांत ठेवून पोसलेल्या कोल्ह्याच्या मांसांतल्यापेक्षां दसपट निघाला, असें लीबिग यांना आढळलें. हा पदार्थ त्यांनीं नव्यानें शोधलेला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वीं फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांनीं तो मांसाच्या अर्कांतून वेगळा केला होता, आणि ग्रीक भाषेंत मांसाला जो शब्द आहे त्यावरून त्याचें क्रिएटिन असें नांव ठेविलें होतें. स्नायूंच्या श्रमाशीं ह्या पदार्थाचा कांहीं तरी संबंध असावा, ही कल्पना मात्र त्या कोल्ह्यापासून रूढ झाली.

तो संबंध नेमका कोणता, हें कळावयास ऐंशी वर्षें लागलीं. १९२७ सालीं हार्वर्ड येथील वैद्यकीय विद्यालयांत सायरस फिस्के आणि त्यांचे सहकारी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं दाखवून दिलें कीं, स्नायूंत क्रिएटिन बऱ्याच अंशीं स्फुरदाशीं संयुक्त होऊन राहतें, आणि श्रमाच्या वेळीं हा संयोग सुटतो. सुब्बाराव हे आंध्रांतील भीमवरमचे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून अमेरिकेस गेलेले. आज व्यायामशाळेच्या शेजारच्या दुकानांत जो डबा दिसतो, त्याच्या वंशावळींत एका हिंदी संशोधकाचें नांव आहे, ही गोष्ट तो विकत घेणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असते.

क्रिएटिन बाजारांत येण्यास निमित्त झाला तो १९९२ सालचा एक निबंध. रॉजर हॅरिस, कारिन सॉडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनीं निरोगी माणसांना क्रिएटिन मोनोहायड्रेट पांच-पांच ग्रॅमांच्या मात्रेनें दिवसांतून अनेक वेळां दिलें आणि त्यांच्या स्नायूंतील क्रिएटिनचा सांठा वाढल्याचें दाखविलें. ज्यांचा सांठा मुळांत कमी होता, त्यांच्यांत वाढ अधिक दिसली. पुढें १९९६ सालीं हुल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें सिद्ध केलें कीं, एवढा मोठा मारा न करतां रोज ३ ग्रॅम घेतलें तरी सुमारें चार आठवड्यांत स्नायु त्याच पातळीस पोंचतात. युरोपीय संघानें २०१२ सालीं क्रिएटिनविषयीं जें एक विधान वेष्टनावर छापण्यास मुभा दिली, त्याची अटहि दिवसाला ३ ग्रॅम हीच आहे. हा तीनाचा आंकडा ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. डब्यावर "क्रिएटिनयुक्त" असें छापलेलें असतें खरें. पण तें तीन ग्रॅमांनीं युक्त आहे कीं तीन दशांश ग्रॅमानें, हें त्या शब्दावरून कळत नाहीं.

नुसत्या क्रिएटिनच्या डब्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. घोटाळा होतो तो प्रथिनांच्या तयार भुकट्यांत आणि वड्यांत, आणि त्याचें मूळ शोधण्यासाठीं पुन्हां शंभरावर वर्षें मागें जावें लागतें. १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेंत योहान केल्डाल यांनीं धान्यांतील प्रथिन मोजण्याची एक सोपी रीत काढली. पदार्थ तीव्र गंधकाम्लांत उकळावा, त्यांतील नत्राचा अमोनिया बनवावा, आणि तो मोजावा. प्रथिनांत सरासरीनें शेंकडा १६ भाग नत्र असतो. म्हणून मिळालेल्या नत्रास ६.२५ नें गुणलें कीं प्रथिनाचा आंकडा निघतो. रीत इतकी सुटसुटीत कीं ती सर्व जगानें उचलली, आणि अमेरिकेच्या नियमांत वेष्टनावरील प्रथिनाचा आंकडा ह्याच गुणाकारानें काढण्यास आजहि परवानगी आहे. परंतु ह्या रीतीला प्रथिन दिसत नाहीं, फक्त नत्र दिसतो. २००८ सालीं चीनमध्यें दुधांत मेलामीन मिसळलें गेलें आणि लहान मुलांचे बळी पडले, तें ह्याच वैगुण्याचा फायदा घेऊन.

क्रिएटिन हें विष नव्हे, प्रथिनहि नव्हे. पण त्यांत नत्र भरपूर आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्यें शेंकडा २८ भागांहून थोडा अधिक नत्र असतो. म्हणजे त्याचा एक ग्रॅम भुकटींत टाकला, तर केल्डालच्या हिशेबांत तो पाऊण ग्रॅम फुगून सुमारें १.७६ ग्रॅम प्रथिन म्हणून जमा होतो. ग्लायसीन नांवाचें एक स्वस्त अमिनो आम्लहि असेंच एकास १.१७ होऊन बसतें. दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यांतील प्रथिन, ज्याला बाजारांत व्हे म्हणतात, तें महाग; हीं द्रव्यें त्या मानानें स्वस्त. ह्यांतून जो व्यवहार सुरू झाला त्याचा बोभाटा २०१४ च्या सुमारास अमेरिकेंत झाला, ग्राहकांनीं दावे लावले, आणि अमेरिकन हर्बल प्रॉडक्ट्स असोसिएशन ह्या व्यापारी संस्थेनें आपल्या सभासदांना अशा सुट्या द्रव्यांचा नत्र प्रथिनांत धरूं नये असें सांगितलें. तें सांगणें होतें, कायदा नव्हता.

दुसरी पळवाट कायद्यानेंच ठेविलेली. पूरक अन्नाच्या बाबतींत अमेरिकेचे नियम असे आहेत कीं, उत्पादकानें अनेक द्रव्यें एकत्र करून त्यांना "स्वतःचें मिश्रण" म्हटलें, तर मिश्रणाचें एकूण वजन तेवढें सांगावें लागतें. एकेका द्रव्याचें सांगावें लागत नाहीं. द्रव्यांचीं नांवें मात्र वजनाच्या उतरत्या क्रमानें द्यावीं लागतात. ह्या उतरत्या क्रमांतच ग्राहकाच्या हातीं एक किल्ली राहिलेली आहे.

एक कल्पित डबा घ्यावा. एका खेपेचें वजन ३५ ग्रॅम, प्रथिन २४ ग्रॅम, आणि खालीं लिहिलें आहे : मिश्रण ५ ग्रॅम — ग्लायसीन, क्रिएटिन मोनोहायड्रेट, टॉरीन. क्रिएटिन दुसऱ्या जागीं आहे. म्हणजे तें पहिल्याहून अधिक असूं शकत नाहीं. टॉरीन नांवापुरतें मानलें, तरी पांचांचे दोन सारखे भाग होऊन क्रिएटिन मोनोहायड्रेट फार तर २.५ ग्रॅम. तेंच तिसऱ्या जागीं असतें, तर पांचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १.६७ ग्रॅम, ही त्याची कमाल झाली असती. किमान मर्यादा दुसऱ्या वा तिसऱ्या जागीं अगदीं शून्यालगत जाते, हें विसरूं नये. खात्रीची किमान फक्त पहिल्या जागेला मिळते. शिवाय मोनोहायड्रेटमध्यें पाण्याचा अंश असतो आणि खरें क्रिएटिन शेंकडा ८८ च भरतें. तेव्हां त्या अडीच ग्रॅमांतून हातीं येणार तें जास्तींत जास्त २.२ ग्रॅम.

आतां त्याच डब्याचें प्रथिन पाहावें. अडीच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट हिशेबांत ४.४ ग्रॅम प्रथिन होऊन शिरतें, अडीच ग्रॅम ग्लायसीन २.९ ग्रॅम होऊन. चोवीसचा आंकडा नत्रावरून काढलेला असेल, तर त्यांतील सात ग्रॅमांहून अधिक प्रथिन कागदावरचेंच, आणि खरें प्रथिन सतराच्या आंतबाहेर. असें झालें आहे कीं काय, हें अमिनो आम्लांचा तक्ता छापला असल्यास ताडून पाहतां येतें. व्हेच्या प्रथिनांत ल्यूसीन सुमारें दहावा हिस्सा असतें आणि ग्लायसीन शंभरांत दोनच्या आसपास. चोवीस ग्रॅमांच्या दाव्यापुढें ल्यूसीन १.७ आणि ग्लायसीन भरमसाट दिसलें, तर दाल में काला आहे असें समजण्यास हरकत नाहीं. ल्यूसीन वरून मिसळून हाहि पुरावा बुजवितां येतो, ही गोष्ट वेगळी. क्रिएटिनचा माग मात्र ह्या तक्त्यांत लागत नाहीं, कारण तें तक्त्यांत धरलेंच जात नाहीं.

वड्यांची गोष्ट निराळी. वडींत मिश्रण बहुधा वेगळें दाखवीत नाहींत. सर्व द्रव्यें एकाच लांबलचक यादींत असतात. येथें मीठ उपयोगी पडतें. समजा, ६० ग्रॅमांच्या वडींत सोडियम २०० मिलिग्रॅम लिहिलें आहे. मिठांत सोडियम सुमारें दोन पंचमांश असतें, म्हणून सारें सोडियम मिठाचेंच धरलें तरी मीठ अर्ध्या ग्रॅमाच्या वर जात नाहीं. यादींत क्रिएटिन मिठाच्या मागें असेल, तर तेंहि अर्ध्या ग्रॅमाच्या आंतलें. तीन ग्रॅमांसाठीं अशा सहा वड्या खाव्या लागतील. एक अपवाद येथें सांगितला पाहिजे. अमेरिकेंत आणि युरोपांत शेंकडा दोनांपर्यंतच्या किरकोळ द्रव्यांचा क्रम पाळण्याची सक्ती नसते. तीं द्रव्यें यादीच्या शेवटीं येतात, आणि अमेरिकेंत त्यांच्यापूर्वीं तशी सूचना असते. क्रिएटिन त्या घोळक्यांत असल्यास मिठाची कसोटी लागूं पडत नाहीं. पण दोन टक्क्यांची पडते, आणि ६० ग्रॅमांचे दोन टक्के १.२ ग्रॅमच होतात.

जेथें क्रिएटिनचा आंकडा स्पष्ट दिलेला असतो, तेथेंहि तो कशाचा आहे हें पाहावें लागतें. दर १०० ग्रॅमांत ९ ग्रॅम हा आंकडा भारदस्त वाटतो. ३५ ग्रॅमांच्या खेपेंत त्याचे ३.१५ ग्रॅम होतात, आणि तें मोनोहायड्रेटचें वजन असेल तर खरें क्रिएटिन २.८ च्या थोडें खालीं उतरतें. कांहीं डब्यांवर एक खेप म्हणजे दोन मापें असतात आणि घेणारा एकच घेतो. माप दाबून भरलें कीं सैल, ह्यानेंहि वजन बदलतें. स्वयंपाकघरांतल्या लहान वजनकाट्यावर एकदां तोलून पाहिलें कीं ती शंका मिटते.

वडीच्या बाबतींत आणखी एक क्षय होतो. कोरड्या भुकटींत क्रिएटिन दीर्घकाळ टिकतें. ओलाव्यांत, विशेषतः आंबट ओलाव्यांत, त्याचें हळूहळू क्रिएटिनीन बनतें आणि तें स्नायूंच्या उपयोगाचें नसतें. म्हणून फळांच्या गरांत घोळलेल्या वडींत कारखान्यांत घातलेलें क्रिएटिन आणि खातांना उरलेलें क्रिएटिन एकच असेल असें नाहीं. हा फरक घरीं कळण्यास उपाय नाहीं. प्रयोगशाळेंत दोन्ही द्रव्यें वेगवेगळीं करून मोजतात. त्या मोजणीचा दाखला डब्यावरील घाणक्रमांकासह उत्पादकाकडे मागतां येतो. तो पाहतांना चांचणी कशाची केली हें वाचावें. खेळाडूंसाठींच्या कांहीं प्रमाणचिन्हांचा अर्थ निषिद्ध औषधें सांपडलीं नाहींत एवढाच असतो. क्रिएटिन सांगितलें तितकें आहे, असा नसतो.

शरीरांतहि क्रिएटिनचें क्रिएटिनीन होतच असतें, आणि रक्तांतील क्रिएटिनीनवरून मूत्रपिंडाचें काम अजमावण्याची वैद्यकाची रीत आहे. क्रिएटिन घेणाऱ्याचा हा आंकडा मूत्रपिंड धडधाकट असतांनाहि थोडा चढूं शकतो. आपण केवळ प्रथिनाची भुकटी घेतों, अशी ज्याची समजूत आहे, तो डॉक्टरांना क्रिएटिनविषयीं सांगत नाहीं, आणि नसलेल्या विकाराचा तपास सुरू होतो. डबाच डॉक्टरांना दाखविला, तर ते क्रिएटिनवर अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ह्या द्रव्याची चांचणी सांगूं शकतात.