हिरकणीचा अर्ज

हिरकणीची गोष्ट मी चौथीत शिकले. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही आख्यायिका आहे, तिला इतिहासाचा पुरावा नाही. पण आमच्या गुरुजींनी ती इतिहास म्हणूनच शिकवली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. कडा उतरण्याआधी हिरकणीने पहारेकऱ्यांना दरवाजा उघडण्याची विनंती केली होती, हे गोष्टीत एका वाक्यात येते आणि जाते. त्या वाक्यावर थांबण्याची मला गरज पडली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, माझ्या महाविद्यालयाच्या कार्यालयात हातात अर्ज घेऊन उभी राहिले तेव्हा. कड्याचे कौतुक करणारा समाज दरवाजाविषयी गप्प का राहतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मी पहूरची. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझी आजी कापसाच्या हंगामात जिनात जाई. जिनात सरकी आणि रुई वेगळी होते आणि हवेत रुईची धूळ भरून राहते. आजी सांगायची, की पोर घरी ठेवायला माणूस नसे म्हणून ते जिनातच आणावे लागे. आडूला लुगड्याची झोळी बांधायची, मुकादमाची पाठ फिरली की पाजून घ्यायचे. पोर रडू नये म्हणून बायका त्याला अफूची बारीक गोळी चाटवत. आजी हे लाजत सांगायची, जणू तो तिचाच गुन्हा होता.

तो तिचा गुन्हा नव्हता, हे मला पुढे इतिहास वाचताना कळले. मुंबई सरकारने 1884-85 मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगामात बायकाही दिवसरात्र यंत्रापुढे उभ्या असत, हे त्यांतून सरकारी कागदावर आले. 1891च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि दीड तासाची विश्रांती दिली. पण पोराचे काय, हा प्रश्न कायद्याला पडला नाही. 1922 साली डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांची जवळजवळ सर्व तान्ही मुले अफूवर ठेवलेली आढळली. मुंबईत तिला बाळगोळी म्हणत. आई पाजायला येऊ शकत नसेल तर पोराची भूकच झोपवायची, असा तो हिशेब होता. बाळगोळी हे अडाणीपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. खरे तर ती न मिळालेल्या सुटीची पावती होती.

त्याआधीच, 1919 साली, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास द्यावा, असा करार केला होता. हिंदुस्थानने तो मान्य केला नाही. 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. स्त्रीच्या बाळंतपणाच्या विश्रांतीत साऱ्या समाजाचे हित आहे, म्हणून त्याचा भार खरे तर सरकारनेही उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ही मांडणी ध्यानात ठेवावी. तिच्यात दया नाही, हिशेब आहे. विधेयकाचा 1929 मध्ये कायदा झाला. त्याचा विषय रजा आणि पैसा हा होता. रजा संपल्यावर कामावर परतलेल्या आईच्या छातीत दाटणाऱ्या दुधाचा हिशेब बाकीच राहिला.

तो हिशेब सबंध देशासाठी 1961च्या प्रसूतिलाभ कायद्याने मांडला. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे, कामावर परतलेल्या स्त्रीला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन सुट्या, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत. तेराव्या कलमाने त्या सुट्यांसाठी पगार कापायला मनाई केली. सुटी किती मिनिटांची, ते नियमांवर सोडले. खाणी आणि सर्कशींसाठी केंद्राने 1963 मध्ये केलेल्या नियमांत ती पंधरा मिनिटांची धरली. शिवाय पाळणाघरापर्यंत जाण्यायेण्यासाठी अंतराप्रमाणे पाच ते पंधरा मिनिटे जास्त. वॉशिंग्टनचा अर्धा तास येथे पोहोचेपर्यंत पाव तास झाला होता.

या पाव तासामागे कायद्याने एक चित्र गृहीत धरले आहे. मूल कारखान्याच्या फाटकाशी आहे, पाळणाघरात आहे. आई हात धुऊन जाते, पाजते, परत येते. 1948च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होते ते पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला. 1976 मध्ये ती संख्या तीसवर आली. 2017च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर सांगितले आणि आईला तेथे दिवसातून चार फेऱ्या दिल्या. पण पाळणाघर नसेल आणि मूल गावी असेल, तर पाव तासाचे काय करायचे?

माझे तेच झाले. मुलगा जानेवारी 2023 मध्ये झाला. 180 दिवसांची रजा संपवून मी जुलैत रुजू झाले. महाविद्यालय पहूरपासून एसटीने तासभर. सकाळी नऊला घर सोडायचे, संध्याकाळी साडेपाचला परत. साडेआठ तासांत बाळाची निदान दोन-तीन पाजणी चुकत. दूध साचले की छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप येतो. वेळेवर काढले नाही तर काही आठवड्यांत दूधच कमी होते, कारण शरीर मागणीप्रमाणे दूध तयार करते. पहिल्या आठवड्यात वर्गात शिकवताना माझे पोलके भिजले. मी पुस्तक छातीशी धरून तास पुरा केला. त्यानंतर स्त्रियांच्या शौचालयात उभी राहून दूध काढले आणि मोरीत सांडले. ज्या दुधासाठी पोर घरी रडत होते, ते मोरीत.

म्हणून अर्ज केला. पहिला अर्ज मी चुकीचा लिहिला. 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' असे त्यात होते. कार्यालयातून तोंडी उत्तर आले: 'मॅडम, हा कायदा कारखान्यांचा.' हे अगदीच खोटे नव्हते. कारखाना, खाण, मळा आणि दहा किंवा अधिक माणसांची दुकाने व आस्थापना, अशी त्या कायद्याची भाषा होती. महाविद्यालय आस्थापना आहे की नाही, यावर वाद घालता येतो. शिवाय कायद्यात शब्द होता मुलाला पाजण्याचा. दूध काढून ठेवण्याचा नव्हता.

दुसरा अर्ज मी हिशेबाने लिहिला. बाळाची जन्मतारीख आणि ते पंधरा महिन्यांचे होण्याचा महिना, एप्रिल 2024, म्हणजे मागणी कायमची नाही. दोन ठरलेल्या वेळा, साडेअकरा आणि अडीच, वेळापत्रकातल्या माझ्या मोकळ्या तासांत, म्हणजे एकही तास बुडत नाही. प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटे, कारण हाताने दूध काढायलाच पंधरा ते वीस लागतात आणि हात व भांडे धुवायचे असते. जागा कशी हवी, तेही लिहिले: आतून कडी, एक खुर्ची, जवळ पाणी, आणि शौचालय नाही. काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून बर्फाचा डबा मी घरून आणीन, असेही लिहिले. शेवटी लिहिले, की नकार असल्यास कारणासह लेखी द्यावा. आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेमागची सामानाची खोली मिळाली. कडी मी स्वखर्चाने बसवली. परवानगीच्या पत्रात एक ओळ होती: 'फक्त कायम महिला प्राध्यापकांसाठी.'

ती ओळ मला पहिल्या दिवशी खटकली नाही, हे मी येथे कबूल करते. खटकली ती महिन्याने. आमच्याकडे कंत्राटावर झाडलोट करणारी एक बाई होती, आमच्याच समाजाची. तिचे बाळ तीन महिन्यांचे. तिला रजा मिळालीच नव्हती. न आलेल्या दिवसांचे पैसे कापले गेले होते. ती खोली रोज तीच झाडत होती. एक दिवस तिने दाराशी उभी राहून विचारले, 'ताई, तुमचं झाल्यावर मी दहा मिनटं बसू का?' माझी आजी मुकादमाची पाठ फिरण्याची वाट पाहायची. येथे मुकादमाच्या जागी मी होते.

कायद्यात रजेच्या पैशासाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस कामाची अट होती. पाजण्याच्या सुटीला तीही अट नव्हती. प्रसूतीनंतर कामावर परतलेली प्रत्येक स्त्री, एवढेच. 'कायम' हा शब्द तेथे कोठेच नव्हता. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांना हाच प्रसूतिलाभ दिला होता. हे सारे मी तिसऱ्या अर्जात लिहिले आणि 'कायम' व 'प्राध्यापक' हे दोन्ही शब्द काढण्याची मागणी केली. त्याला लेखी उत्तर आले नाही. 'वापरू द्या, पण कागदावर नको,' असे सांगण्यात आले. ती बाई खोली वापरू लागली. पण तोंडी परवानगी म्हणजे मुकादमाची फिरलेली पाठच. तिचे कंत्राट संपले, तेव्हा तिने ही जागा वापरली याचा एकही कागद उरला नाही.

माझे बाळ मांडीवर असतानाच, फेब्रुवारी 2023 मध्ये, मी एक बातमी पाहिली होती. देवळाली या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. त्यांच्या बाळाच्या निमित्ताने तेथे हिरकणी कक्ष झाला. मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मात्र त्यांना मिळालेला कक्ष धुळीने भरलेला होता. त्यांनी ते डोळ्यांत पाणी आणून सर्वांसमोर सांगितले, आणि मग खोली साफ झाली. जेथे कायदे होतात तेथे ही स्थिती, आणि तेथेही खोली झाली ती स्त्री बाळासह दारात उभी राहिल्यावर.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1961च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. दोन सुट्या आणि पंधरा महिने आता तिच्या सहासष्टाव्या कलमात आहेत, पाळणाघर सदुसष्टाव्यात. शब्द अजूनही मुलाला पाजण्याचाच आहे. गावाहून एसटीने येणारी आई त्या शब्दात अजून मावत नाही, आणि जिला कंत्राटदार आपली कामगारच मानत नाही ती तर कलमापर्यंत पोहोचतच नाही.

एसटीच्या स्थानकांवर आज हिरकणी कक्षाच्या पाट्या दिसतात. नाव चांगले आहे. पण हिरकणीच्या नावाने बुरूज बांधला गेला, असे गोष्ट सांगते. दरवाजाचा नियम बदलला, असे सांगत नाही. माझ्या तिन्ही अर्जांच्या शिक्का घेतलेल्या प्रती मी जपून ठेवल्या आहेत. तिसऱ्याचे उत्तर अजून यायचे आहे.