साताऱ्याचा उतार आणि एक बग रिपोर्ट

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण चुकीच्या निष्कर्षासकट गाइडकडे जाणार होतं. ते थांबवलं एका बग रिपोर्टने. म्हणून आजच्या नोंदीत दोन गोष्टी सांगतो: चांगल्या बग रिपोर्टचा साचा कुठून आला, आणि त्यातला प्रत्येक रकाना नेमकं काय काम करतो. संशोधनात स्वतःची छोटी-मोठी स्क्रिप्ट लिहायची वेळ तुमच्यावरही येईलच, तेव्हा हे उपयोगी पडेल.

आधी माझी अडचण. १९४२ ते १९६० या काळातल्या साप्ताहिकांच्या नोंदी मी जमवत होतो. १९४९च्या आधीच्या नोंदी मी स्वतः साताऱ्यात बसून टाईप केल्या. पुढच्या नोंदी सांगलीतल्या एका टंकलेखकाकडून करून घेतल्या. मग पायथनमध्ये एक छोटं शोधसाधन लिहिलं आणि 'साताऱ्या' हा तुकडा शोधला, म्हणजे साताऱ्यात, साताऱ्याला, साताऱ्याहून हे सगळं त्यात यावं. आलेख काढला तर १९४९ नंतर रेघ धाडकन खाली!

मला तर आनंदच झाला. कारण १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचं विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. जिल्हा वेगळा झाला, लोकांच्या लिहिण्यातून सातारा मागे पडला, असं सुबक स्पष्टीकरण हाताशी होतं. दोन पानं लिहूनही झाली.

सांगलीची एक मैत्रीण सॉफ्टवेअर टेस्टर आहे. तिला साधन वापरायला दिलं होतं. ती फोनवर म्हणाली, "तुझ्या शोधात काहीतरी गडबड आहे." मी म्हटलं, "माझ्याकडे तर नीट चालतंय." ती म्हणाली, "थांब, लिहून पाठवते." संध्याकाळी हे आलं:

```
शीर्षक: दिसायला सारख्या दोन ओळींपैकी एकच सापडते
आवृत्ती: 0.3.1, पायथन 3.11, विंडोज 11
सोबत: chachani.txt (दोन ओळी. पहिली साताऱ्याच्या
  फाईलमधून, दुसरी सांगलीच्या. दोन्ही कॉपी केल्या,
  टाईप केल्या नाहीत.)
पायऱ्या:
  1. chachani.txt उघडा.
  2. इनस्क्रिप्ट कीबोर्डने 'साताऱ्यात' टाईप करा.
  3. 'शोधा' दाबा.
अपेक्षित: 2 ओळी
प्रत्यक्ष: 1 ओळ (फक्त पहिली)
किती वेळा: 10 पैकी 10
आणखी: फोनेटिक कीबोर्डने टाईप केलं तर फक्त दुसरी.
  'सातारा' शोधलं तर दोन्ही फाईलींत नीट चालतं.
```

यात काय नाही ते आधी बघा. कारण नाही. "युनिकोडचा घोळ असावा" असा अंदाज तिने केलेला नाही. जे दिसलं ते लिहिलं, आणि मला ते माझ्या खोलीत जसंच्या तसं पुन्हा घडवता येईल एवढं सामान दिलं.

हा साचा आला कुठून? ९ सप्टेंबर १९४७ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. 'बग' हा शब्द दोषासाठी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता, एडिसनच्या १८७८च्या पत्रातही तो आहे. मला त्या नोंदीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्यात वेळ आहे, रिलेचा क्रमांक आणि पॅनेलचं अक्षर आहे, पण काय व्हायला हवं होतं आणि दोष पुन्हा कसा घडवायचा, हे नाही. त्याची गरजच नव्हती. लिहिणारे आणि दुरुस्त करणारे एकाच यंत्रापाशी उभे होते.

ही माणसं एकमेकांपासून लांब गेली तेव्हा गरज निर्माण झाली. बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या १९८३च्या युनिक्स आवृत्तीत `sendbug` नावाची आज्ञा आली. ती ई-मेलने पाठवायचा एक कोरा फॉर्म पुढे करायची. त्यात मुख्य रकाने असे होते:

```
Index:
Description:
Repeat-By:
Fix:
```

`Repeat-By`, म्हणजे 'असं केलं की पुन्हा घडतं', हा रकाना इथे स्वतंत्र झालेला दिसतो. पण 'अपेक्षित' हा रकाना अजून नाही, उलट 'दुरुस्ती' मात्र आहे. माझं वाचन असं: हा फॉर्म भरणारे बहुतेक जण स्वतःच प्रोग्रॅमर होते आणि मूळ कोड त्यांच्याकडे असायचा. काय बरोबर आणि काय चूक याबद्दल पाठवणारा आणि घेणारा यांच्यात फारसा मतभेद नसावा.

१९९८ मध्ये मोझिलाने बगझिला खुलं केलं. आता जगातला कुणीही ब्राउझर वापरणारा दोष कळवू शकत होता. तिथल्या साच्यात पायऱ्यांच्या शेजारी `Actual Results` आणि `Expected Results` असे दोन रकाने मांडले गेले. ज्याची भाषा, लिपी, सवयी आपल्याला माहीत नाहीत, त्याला काय व्हायला हवं होतं हे विचारल्याशिवाय कळणारच नाही. २००८ मध्ये निकोलस बेटनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अपाची, एक्लिप्स आणि मोझिलाच्या प्रोग्रॅमरांना आणि कळवणाऱ्यांना प्रश्न विचारले. प्रोग्रॅमरांना पुन्हा घडवायच्या पायऱ्या सगळ्यात उपयोगी वाटत होत्या, आणि कळवणाऱ्यांना त्याच देणं अवघड जात होतं.

आता परत साताऱ्याला येऊ. रिपोर्टमधली 'आणखी'ची ओळ वाचल्यावर मी दोन्ही ओळींमधली अक्षरं सुटी करून पाहिली. 'आचार्य'मध्ये अक्षराच्या डोक्यावर चढतो तो रफार. 'साताऱ्यात'मध्ये अक्षराला डावीकडून चिकटतो तो अर्धा र. हा दुसरा र मराठीत नेहमी लागतो, पण युनिकोडमध्ये तो लिहायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे U+0931 (ऱ) आणि हलन्त. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून J मारलं की हा ऱ येतो. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह. हा मार्ग युनिकोड २.०च्या काळचा, १९९६चा. नंतर ऱ-चा मार्ग मुख्य ठरला, पण जुना मजकूर बिघडू नये म्हणून आधीचाही नियमात ठेवला. माझा टंकलेखक ज्या फोनेटिक कीबोर्डवर लिहीत होता, तो हा जुना मार्ग वापरायचा.

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. तुम्हीही करून बघा:

```python
import unicodedata as u
a = "साता\u0931\u094dयात"
b = "सातार\u094d\u200dयात"
for f in ("NFC", "NFKC"):
    print(u.normalize(f, a) == u.normalize(f, b))
```

दोनदा `False` येतं. मजकूर एकसारखा करून देणारी नेहमीची पद्धतही इथे कामाला येत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत हे दोन क्रम समतुल्य नाहीत. 'सातारा' या रूपात अर्धा र नाही, म्हणून तो शोध नीट चालत होता. हेच दोषाचं ठिकाण सांगणारं चिन्ह होतं, आणि ते मैत्रिणीने टिपलं होतं.

मी घाईत सोपा उपाय केला: न दिसणारं U+200D सगळीकडून काढून टाकलं आणि ०.३.२ पाठवली. दुसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट:

```
शीर्षक: 'दऱ्या' ऐवजी 'दर्या' दिसतं
आवृत्ती: 0.3.2 (0.3.1 मध्ये होत नाही)
पायऱ्या: सांगलीची फाईल उघडा, 'डोंगर' शोधा.
अपेक्षित: डोंगर आणि दऱ्या
प्रत्यक्ष: डोंगर आणि दर्या
```

जोडचिन्ह गेलं की साधा र आणि हलन्त उरतं, आणि त्याचा रफार होतो. सातारच्या डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! 'अपेक्षित' रकान्याची किंमत इथे कळते. मराठी न येणाऱ्या प्रोग्रॅमरला हा बदल अक्षराच्या वळणाचा वाटला असता. दोन निरनिराळे शब्द आहेत हे वाचकालाच सांगावं लागतं.

आवृत्तीचा रकानाही इथेच कळतो. पहिला रिपोर्ट म्हणतो दोन ओळी सारख्या दिसतात, दुसरा म्हणतो सांगलीच्या फाईलमध्ये अक्षर बदललेलं दिसतं. आवृत्ती लिहिली नसती तर दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात. आणि "०.३.१ मध्ये होत नाही" या चार शब्दांमुळे मला सगळा कोड धुंडाळावा लागला नाही, कालचा एक बदल तेवढा पाहिला.

०.३.३ मधला उपाय दोन ओळींचा आहे. फाईल आणि शोधायचा शब्द, दोन्हींवर तो चालवायचा:

```python
s = u.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

र आणि हलन्ताच्या मागचं जोडचिन्हच फक्त बदलायचं, बाकीची राहू द्यायची. याला एक मर्यादा आहे. कुणी आधीच जोडचिन्हं काढून टाकलेला मजकूर तुमच्या हाती आला, तर त्यातला 'दर्या' मूळचा समुद्र की बिघडलेल्या दऱ्या, हे कोडने परत कळत नाही, मूळ छापील पानच बघावं लागतं. माझ्या मूळ फाईली मी हात न लावता ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

मग आलेख पुन्हा काढला. १९४९चा उतार जवळजवळ नाहीसा झाला. तिथे जिल्हा बदलला होता हे खरं, पण माझ्या आकड्यांत बदलला होता तो कीबोर्ड. ती दोन पानं मी काढून टाकली, आणि परिशिष्टात दोन्ही बग रिपोर्ट आवृत्तीच्या क्रमांकासकट जोडले. कुणी मला विचारलं की आधीच्या मसुद्यातला उतार कुठे गेला, तर उत्तर तिथे लिहिलेलं आहे आणि ते करून बघता येतं.