टूथपेस्ट, लिंबू, फॉइल: दागिने घरी साफ करताना कोणता उपाय कुठे चालतो आणि कुठे नुकसान करतो?

सणवार किंवा घरातलं लग्न आटोपलं की दागिने कपाटात परत जातात. जाताना सोबत घाम, हळद-कुंकू, पावडर, अत्तर आणि केसांचं तेलही घेऊन जातात. सहा महिन्यांनी डबा उघडला की ठुशी निस्तेज दिसते, पैंजण काळे पडलेले असतात आणि मंगळसूत्र चेनमध्ये अडकून बसलेलं असतं.

मग मोबाइलवर उपाय शोधले जातात. कुणी टूथपेस्ट लावायला सांगतं, कुणी लिंबू-मीठ, कुणी उकळत्या पाण्यात दागिना टाकायला. यातले काही उपाय खरंच काम करतात. पण एका दागिन्याला चालणारा उपाय दुसऱ्या दागिन्याचं नुकसान करू शकतो. म्हणून साफ करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा मळ आहे की काळेपणा?

सोनं मळतं, चांदी काळी पडते

22 कॅरेटच्या सोन्यात 1000 पैकी 916 भाग शुद्ध सोनं असतं. दागिन्यावर '22K916' असा शिक्का दिसतो, तो त्याचाच. उरलेल्या भागात साधारणपणे तांबं आणि चांदी असते. शुद्ध सोन्यावर हवेचा परिणाम होत नाही. त्यामुळे सोन्याचा दागिना निस्तेज दिसतो तेव्हा बहुतेक वेळा त्यावर तेलकट थर बसलेला असतो. तेलकट मळ साबणाने निघतो, त्यासाठी घासण्याची गरज नसते.

चांदीचं तसं नाही. हवेत गंधकाची संयुगं अगदी थोड्या प्रमाणात असतात. चांदीचा त्यांच्याशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. हा थर म्हणजे मळ नाही, तर रूप बदललेली चांदीच आहे. म्हणूनच साबणाने धुतलं तरी पैंजण काळेच राहतात. पावडरने घासून काळेपणा काढला, तर त्याबरोबर थोडी चांदीही निघून जाते.

टूथपेस्ट का नको?

दातांवरचा थर निघावा म्हणून टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत कण घातलेले असतात. दातांचं बाहेरचं कवच कठीण असतं, त्यामुळे ते हे कण सहन करतं. सोनं आणि चांदी त्या मानाने खूपच मऊ आहेत. टूथपेस्टने घासलेला दागिना लगेच चकचकीत दिसतो, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो. उजेडात तिरका धरून पाहिलात, तर एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात.

घासताना सोनं खरंच झिजतं. सराफ बाजारातली धूळ गाळून त्यातले सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्यांचा व्यवसाय त्यावरच उभा आहे. एक ग्रॅमवाल्या दागिन्यांना तर टूथपेस्ट अजिबात लावू नका. त्यावर सोन्याचा फक्त पातळ मुलामा असतो, तो घासताच खालचा धातू दिसू लागतो.

एक डबा, पाच दागिने

एका घरातल्या नेहमीच्या डब्याचं उदाहरण घेऊ. त्यात सोन्याची चेन, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, कोल्हापुरी साज, मोत्यांची नथ आणि चांदीचे पैंजण आहेत. हे पाचही दागिने एकाच वाडग्यात बुडवायचे नाहीत.

सुरुवात चेनपासून. वाडग्यात कोमट पाणी घ्या. हात सहज बुडवता येईल इतकंच गरम पुरे. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. घरात रिठे असतील तर त्यांचं पाणीही चालतं. सोनार पूर्वीपासून दागिने धुवायला रिठा वापरत आले आहेत. चेन 15 ते 20 मिनिटं भिजू द्या. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्यांच्या फटीतून हलकेच फिरवा. साबण काढण्यासाठी चेन दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवा. बेसिनच्या नळाखाली धरू नका, कारण निसटलेला दागिना थेट पाइपात जातो. वाडग्यातलं पाणी फेकतानाही चहाच्या गाळणीतून ओता. सुटलेला मणी किंवा खडा गाळणीत सापडतो.

आता मंगळसूत्र. आधी ते कशात ओवलंय ते पाहा. सोन्याच्या तारेत गाठलेलं असेल तर ते चेनसारखंच धुता येतं. दोऱ्यात ओवलेलं असेल तर भिजवू नका. दोरा पाणी धरून ठेवतो, हळूहळू कुजतो आणि एक दिवस तुटतो. अशा वेळी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने वाट्या आणि मणी पुसा. वाटीच्या खोलगट भागात अडकलेलं हळद-कुंकू ओल्या ब्रशच्या टोकाने निघतं.

सर्वांत जास्त फसगत होते ती साजाची. साजाची पानं आणि मणी वरून भरीव वाटतात, पण पारंपरिक घडणीत ते पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. लाख उष्णतेने मऊ होते. गरम पाण्यात टाकलेल्या साजातली लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येऊ शकते. मग मणी पोकळ होतो आणि बोटाने दाबला तरी चेपतो. भोकाभोवती तपकिरी किंवा काळपट चिकट डाग दिसला, तर लाख सुटली आहे असं समजा आणि दागिना सोनाराकडे न्या. म्हणून साज फक्त ओलसर कापडाने पुसायचा. कुंदनचे दागिनेही असेच जपायचे. त्यात खड्यामागे चमकीचा पातळ पत्रा असतो. तिथे पाणी शिरलं की खडा काळपट दिसू लागतो आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

नथीत सोन्यापेक्षा मोत्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे खडूच्याच कुळातला. लिंबू, चिंच, व्हिनेगर अशी आंबट वस्तू लागली की त्याचा वरचा थर विरघळतो आणि गेलेली झळाळी परत येत नाही. साध्या पाण्यात ओलसर केलेल्या मऊ कापडाने एकेक मोती पुसा आणि नथ कापडावर सुकू द्या. नथीत बारीक खडे असतील, तर आधी ती कानाजवळ धरून हलवा. टिकटिक आवाज आला तर खडा सैल आहे. अशी नथ आधी सोनाराला दाखवा.

पैंजणांसाठी फॉइलचा उपाय

फॉइलचा व्हायरल उपाय मात्र खरा आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा. कोणतीही बाजू वर असली तरी चालते. त्यावर पैंजण ठेवा. एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि तेवढंच मीठ टाका. वरून अर्धा लिटर खूप गरम पाणी ओता. पाणी फसफसतं, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका आणि खिडकी उघडी ठेवा.

अ‍ॅल्युमिनियम गंधकाला चांदीपेक्षा जास्त जोरात ओढतं. काळ्या थरातलं गंधक चांदीला सोडतं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. म्हणूनच या उपायात घासण्यासारखी झीज होत नाही. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला आणि फॉइलवर काळपट डाग पडले, तर प्रक्रिया सुरू आहे. पाच-दहा मिनिटांत काहीच बदललं नाही, तर पैंजण फॉइलला टेकलेत का ते पाहा. दोन्ही धातू एकमेकांना टेकले नाहीत तर उपाय चालत नाही. थर जाड असेल तर फॉइल, सोडा आणि पाणी बदलून पुन्हा करा. शेवटी स्वच्छ पाण्यात धुऊन मऊ कापडाने पुसा. चांदी थोडी पांढुरकी दिसेल, पुसल्यावर चमक येते. घुंगरांच्या आत पाणी राहतं, त्यामुळे पैंजण रात्रभर कापडावर सुकू द्या.

हा उपाय मीनाकाम केलेल्या, खड्यांच्या किंवा मोत्यांच्या चांदीला वापरू नका. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना तर मुळीच नको. त्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, तो या पाण्यात निघून जातो.

डब्यात परत ठेवताना

स्वच्छ केलेले दागिने एकाच डब्यात एकत्र टाकले, तर निम्मी मेहनत वाया जाते. हिरा, माणिक आणि नीलम सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. हिऱ्याची अंगठी चेनवर घासली की ओरखडा चेनवरच पडतो. मोती तर त्याहूनही नाजूक. म्हणून प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र मऊ कापडी पिशवी किंवा कप्पा हवा. खड्यांच्या अंगठ्यांना कापूस गुंडाळू नका, त्याचे तंतू खडा धरणाऱ्या कड्यांत अडकतात.

चेन ठेवण्याआधी तिचा हूक लावा. गुंता बहुतेक वेळा मोकळ्या टोकामुळे होतो. बारीक चेन सरबताच्या स्ट्रॉमधून ओवून हूक लावला तर ती गुंततच नाही. गुंता झालाच असेल तर ओढू नका. चेन सपाट ताटात ठेवा, गाठीवर खोबरेल तेलाचा एक थेंब टाका आणि दोन टाचण्यांनी गाठ मधून सैल करा. नंतर साबणाच्या पाण्यात धुवा.

चांदीला हवेपासून दूर ठेवायचं असतं. पूर्ण कोरडी चांदी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, हवा दाबून काढा आणि ओलावा शोषायला सिलिका जेलची पुडी टाका. रबर बँड लावू नका. रबरात गंधक असतं आणि तो लावल्याजागी चांदीवर काळी रेघ उमटते. मोत्यांची नथ मात्र प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, ती मऊ सुती कापडात ठेवा.

दारावर आलेल्यांना दागिने देऊ नका

'दागिने पॉलिश करून देतो' म्हणत दारावर येणाऱ्यांना परत पाठवा. काही भामटे दागिना सोनं विरघळवणाऱ्या आम्लात बुडवतात. दागिना चकचकीत होऊन परत मिळतो, पण त्यातलं काही सोनं त्या द्रावणातच राहतं. डोळ्यांनी हा फरक कळत नाही, काट्यावर कळतो. ओळखीच्या सोनाराकडे पॉलिशला देतानाही दागिन्याचं वजन आधी आणि नंतर समोर करून घ्या. हॉलमार्क आणि त्याशेजारचा सहा अक्षर-अंकी HUID क्रमांक यांचा फोटोही काढून ठेवा.