कोणी काय जाणावे? – कार्डांच्या एका खेळाचा इतिहास

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे भरलेल्या संगणक परिषदेत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी एक छोटा निबंध सादर केला. दोघेही पूर्वी ओरेगॉनमधील टेक्ट्रॉनिक्स कंपनीत स्मॉलटॉक या संगणकभाषेत काम करत. त्यांना अडचण दिसली ती शिकवण्यातली. जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळा कारभार एकाच जागेवरून पाहायची सवय असते. नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक ऑब्जेक्टने आपल्यापुरतेच जाणायचे आणि बाकीचे दुसऱ्याला विचारायचे. ही सवय मोडायची कशी?

कनिंगहॅम यांनी प्रथम ॲपलच्या हायपरकार्ड या प्रणालीत आपल्या आराखड्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. पण कुठेही नेता यावे आणि विशिष्ट यंत्रावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून ते सहा इंच बाय चार इंचांच्या साध्या कागदी कार्डांकडे वळले. प्रत्येक क्लासला एक कार्ड. वर नाव, डावीकडे जबाबदाऱ्या आणि उजवीकडच्या अरुंद पट्टीत सहकारी, म्हणजे मदतीसाठी ज्यांना विचारावे लागते ते क्लास. या तीन गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीआरसी कार्डे’ हे नाव पडले. कार्ड लहान असण्यातच युक्ती आहे. जबाबदाऱ्या मावेनाशा झाल्या, की क्लासवर फार बोजा पडल्याचे लिहिणाऱ्यालाच दिसते.

हे कसे चालते ते आपल्याच भागातल्या उदाहरणावर पाहू. रेल्वेचा मासिक पास तपासण्याचा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांना लिहायचा आहे असे समजा. संगणकाला हात लावण्यापूर्वी ते तीन कार्डे करतात: तपासनीस, पास आणि प्रवासी. पासाच्या जबाबदाऱ्या ठरतात दोन: मुदत जाणणे आणि कुठून कुठपर्यंत ते जाणणे. आता एक प्रसंग घ्यायचा. डोंबिवलीचे कित्येक लोक सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीने ठाण्याला येतात. अशा एकाचा पास डोंबिवली ते ठाणे एवढाच आहे आणि तपासनीस त्याला ठाकुर्लीजवळ गाठतो.

एकेका विद्यार्थ्याने एकेक कार्ड हातात धरायचे. ज्याच्यावर काम आले त्याने कार्ड उंच करायचे आणि कार्डावर लिहिले आहे तेवढेच बोलायचे. तपासनीस पासाला विचारतो, “आज कल्याण ते ठाणे हा प्रवास चालेल का?” पास मुदत पाहतो, ती संपलेली नाही. पण कल्याण हे डोंबिवली आणि ठाणे यांच्या दरम्यान आहे की बाहेर? पासावर दोन नावांखेरीज काही नाही. खेळ इथे अडतो आणि नेमके इथेच शिकायला मिळते.

पहिला उपाय सुचतो तो कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे ही यादी पासाच्याच कार्डावर लिहिण्याचा. मग यादीत एक स्थानक वाढले तर काय, असे विचारावे. त्यासाठी पासाचा क्लास बदलावा लागेल, आणि पासाचा तर यात काही संबंध नाही. म्हणून चौथे कार्ड येते: मार्ग. स्थानकांचा क्रम त्याने जाणायचा. पासाच्या उजव्या पट्टीत ‘मार्ग’ लिहिले जाते. मार्ग ‘बाहेर आहे’ असे सांगतो, पास तपासनिसाला ‘चालणार नाही’ म्हणतो आणि पुढे काय करायचे ते तपासनीस ठरवतो.

वाटणी बरोबर झाली की नाही हे दुसऱ्या प्रसंगाने कळते. आता पास डोंबिवली ते ऐरोली, ठाण्याला गाडी बदलून. रेषेला फाटा फुटला, तरी बदल होतो तो फक्त मार्गाच्या कार्डात. पास पूर्वीचाच प्रश्न विचारतो. उलट, प्रवाशाच्या कार्डाला या सगळ्यात कोणीच काही विचारले नाही. खऱ्या जगात तो असेलही, पण या प्रोग्रॅममध्ये त्याला काम नाही. कार्ड बाजूला ठेवावे.

दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे तपासनीसच सारे जाणू लागतो. त्याचे कार्ड गच्च भरते आणि बाकीच्या कार्डांवर नुसती माहिती उरते. जुनी सवय नव्या नावाने परत येते. दुसरी म्हणजे जबाबदारीऐवजी ‘तारीख’, ‘क्रमांक’ अशी नामे लिहिणे. ‘मुदत संपली का ते सांगणे’ असे क्रियापदाने लिहिले, की कार्ड काय करते ते स्पष्ट होते.

कार्डांची मर्यादाही आहे. कोणी कोणाला विचारले ते त्यांवर उरते, पण कोणत्या क्रमाने विचारले ते उरत नाही. तो क्रम प्रसंग खेळतानाच दिसतो, म्हणून वेगळा लिहून ठेवावा लागतो. माहिती कशा रूपात साठवायची हेही कार्ड सांगत नाही. ते प्रोग्रॅम लिहितानाच ठरवायचे. मात्र मार्गाचे कार्ड हवे हे तोवर कळलेले असते, आणि कार्ड फाडून नवे लिहिणे हे लिहिलेला प्रोग्रॅम मोडण्यापेक्षा केव्हाही सोपे.